अभ्यासिकेची फरशी आणि मसावि: प्रकल्प नोंदी

२ मे २०२४

जागा: इंदूरच्या रामबागेतल्या एका जुन्या वाड्याचा तळमजला. मंडळाची अभ्यासिका इथे भरते. जुना कोबा उखडून कोटा फरशी बसवायची आहे. अट अशी की फरश्या चौरस आणि सगळ्या एकाच मापाच्या हव्यात, भिंतीपासून भिंतीपर्यंत एकही तुकडा न जोडता बसायला हव्यात, आणि माप शक्य तितकं मोठं हवं. मोठ्या फरशीला सांधे कमी लागतात आणि कोट्याच्या जमिनीत मळ साचतो तो सांध्यातच. त्यामुळे ही शेवटची अट हौसेची नाही.

अट गणितात मांडली की दोन लांब्यांचा मसावि काढायचा, एवढंच उरतं. पण त्या दोन लांब्या कोणत्या हे आधी ठरवावं लागतं, कारण जुन्या भिंती सरळ नसतात. स्टीलच्या टेपने, जमिनीलगत, दोन्ही दिशांना तीन-तीन ठिकाणी मापं घेतली. लांबी दोन ठिकाणी ३१ फूट ६ इंच भरली आणि एका ठिकाणी सूतभर जास्त. रुंदी २२ फूट ९ इंच, मग त्यावर एक सूत, मग दोन सूत. एका इंचात आठ सूत. दोन्ही दिशांनी सर्वात लहान माप धरलं. जिथे भिंत सूत-दोन सूत मागे आहे, तिथली फट भिंतीलगतच्या उभ्या पट्टीखाली झाकली जाते. मोठं माप धरलं तर उलट होतं: अरुंद जागी शेवटची ओळ अडते आणि फरशी घासावी लागते.

खोली गुण्यात आहे का, हे कर्णांवरून कळतं. या मापांच्या काटकोनी खोलीचा कर्ण ३८ फूट १० इंच २ सूत यायला हवा. दोन्ही कर्ण त्याच्या आसपास आणि एकमेकांशी जुळते आले. समोरासमोरच्या भिंती सारख्या असून कर्ण वेगळे आले, तर खोली तिरकी आहे असं समजावं. मग मसावि काढूनही उपयोग नाही, कडेला पाचरीसारखे तुकडे लागणारच.

३ मे

सगळं इंचात: ३७८ आणि २७३. मोठ्याला लहानाने भागायचं, मग भाजकाला बाकीने भागायचं, आणि बाकी शून्य येईपर्यंत हेच करत राहायचं.

३७८ = १ × २७३ + १०५
२७३ = २ × १०५ + ६३
१०५ = १ × ६३ + ४२
६३ = १ × ४२ + २१
४२ = २ × २१ + ०

शेवटचा भाजक २१, म्हणून फरशी २१ इंची. लांबीत १८, रुंदीत १३, एकूण २३४ नग.

हे का चालतं ते फरशीवरच नीट दिसतं. समजा कोणत्या तरी मापाची फरशी दोन्ही बाजूंना नेमकी बसते. २७३ मध्ये ती पूर्ण पूर्ण बसते आणि ३७८ मध्येही. मग खोलीच्या एका टोकाला २७३ × २७३ चा चौरस आखला, तर तो त्याच फरश्यांनी भरतो, आणि त्याची कड बरोबर सांध्यावर येते. उरलेला १०५ × २७३ चा पट्टाही त्यांनीच भरतो. उलट बाजूनेही तसंच: पट्ट्यात जी फरशी नेमकी बसते ती २७३ मध्येही बसते आणि १०५ मध्येही, म्हणजे दोहोंच्या बेरजेत, ३७८ मध्येही बसते. तेव्हा मोठी खोली सोडून लहान पट्टा हाती घेतला, तरी बसणाऱ्या फरश्यांची यादी जशीच्या तशी राहते. या खोलीपुरती, पूर्ण इंचांत, ती यादी १, ३, ७, २१ अशी आहे. पट्टे लहान होत होत ४२ × २१ वर येतात. तिथे सर्वात मोठी फरशी कोणती, हे विचारायची गरजच उरत नाही.

यादी बदलत नाही, हाच पद्धतीचा गाभा आहे. शाळेत पायऱ्या पाठ होतात आणि हे कारण मात्र बहुतेक वेळा मागे पडतं. ३७८ आणि २७३ चे मूळ अवयव पाडूनही २१ मिळतात, हे खरं. पण अवयव शोधावे लागतात, आणि ४३७ म्हणजे १९ × २३ हे चटकन सुचत नाही. भागाकाराला काही सुचावं लागत नाही.

पायऱ्या किती लागतील याचीही हमी आहे. गॅब्रिएल लामे या फ्रेंच गणितज्ञाने १८४४ साली दाखवलं की लहान संख्येत जितके अंक, त्याच्या पाचपटीहून जास्त भागाकार कधीच लागत नाहीत. २७३ ला तीन अंक, म्हणून कमाल पंधरा. इथे पाचातच काम झालं. युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास सातव्या पुस्तकात हीच कृती वजाबाकीच्या रूपात दिली आहे: मोठ्यातून लहान पुन्हा पुन्हा काढत जा. भागाकार लहान येत असतील तर वजाबाकी आणि भागाकार यांत फारसा फरक पडत नाही. लांबट व्हरांड्यात पडतो, कारण सात-आठ वजाबाक्यांचं काम एक भागाकार करतो.

६ मे

आकृतीसाठी ए-३ आकाराचा आलेख कागद घेतला. १ मिलिमीटर म्हणजे १ इंच धरला तर खोली ३७.८ × २७.३ सेंटिमीटरची होते आणि कागदात मावते. ए-४ वर मावत नाही. एकामागून एक चौरस आखले: २७.३ चा एक, १०.५ चे दोन, ६.३ चा एक, ४.२ चा एक, २.१ चे दोन. एकूण सात चौरस, आणि प्रत्येक मापाचे किती हे सांगणारे आकडे (१, २, १, १, २) म्हणजेच ३ मेचे भागाकार. क्षेत्रफळांची बेरीज ताडून पाहिली: सातही चौरस मिळून १,०३,१९४ चौरस इंच, आणि ३७८ × २७३ सुद्धा तेवढेच.

कागद कापताना एक जपावं लागतं. माप न बघता नुसते चौरस दुमडून कापत गेलं, तर पहिल्या कापाची अर्ध्या मिलिमीटरची चूक पुढे वाढत जाते. रुंदी २७३ ऐवजी २७३.५ धरली गेली, तर शेवटचा तुकडा ४२ × २१ न येता ४० × २४.५ येतो, आणि त्याचे दोन चौरस होत नाहीत. दुमडण्यात किंवा पेन्सिलीच्या जाडीत अर्धा मिलिमीटर सहज जातो. म्हणून प्रत्येक चौरस कागदाच्या कडेवरून न मोजता आलेखाच्या छापील रेषांवरून आखावा.

९ मे

कागदावर दिसलं तेच खोलीतही होतं, आणि या प्रकल्पात सर्वात महत्त्वाचं तेच आहे. रुंदीचं मधलं माप, म्हणजे २२ फूट ९ इंच १ सूत, घेतलं असतं तर काय झालं असतं? सगळं सुतात मांडलं: लांबी ३०२४, रुंदी २१८४ किंवा २१८५. दोन्हींच्या बाक्या एकाखाली एक:

२१८४ धरून: ८४०, ५०४, ३३६, १६८, ०
२१८५ धरून: ८३९, ५०७, ३३२, १७५, १५७, १८, १३, ५, ३, २, १, ०

पहिल्यात मसावि १६८ सूत, म्हणजे २१ इंच. दुसऱ्यात मसावि १, म्हणजे एका सुताची फरशी. भिंतीवरच्या गिलाव्याने सूतभर फरक पडला आणि उत्तर कोसळलं.

गणितात काहीच बिघडलेलं नाही. मसावि पूर्ण संख्यांचा असतो, आणि शेजारशेजारच्या दोन संख्यांचे विभाजक एकमेकांशी काही देणंघेणं ठेवत नाहीत. मापं मात्र शेजारशेजारच असतात. वरच्या ओळी नीट पाहिल्या तर चूक कशी वाढते ते मोजता येतं. रुंदीत एक सूत जास्त, मग बाक्यांत एक कमी, तीन जास्त, चार कमी, सात जास्त. १६८ च्या जागी १७५ आले आहेत. शेवटी जिथे शून्य यायला हवं, तिथे ३३२ मधून १७५ दोनदा वजा केले तर अठरा सूत कमी पडतात. अठराच का? कारण प्रत्येक बाकी म्हणजे काही लांब्यांतून काही रुंद्या वजा केलेल्या असतात. शून्य येतं ते १३ लांब्या आणि १८ रुंद्या बरोबरीत आल्या म्हणून. रुंदीतलं एक सूत तिथपर्यंत अठरा वेळा मोजलं गेलं, म्हणजे सव्वादोन इंच.

म्हणजे दुसऱ्या दिशेत जितक्या जास्त फरश्या, तितकी मापातली चूक जास्त पटीने वाढणार. यातून वाट काढायची तर बाक्यांकडे न बघता भागाकारांकडे बघावं. दुसऱ्या ओळीचे भागाकार क्रमाने असे आहेत: १, २, १, १, १, १, ८, आणि पुढे लहानसहान. तो ८ एकदम उठून दिसतो. बाकी अचानक खूप लहान झाली की पुढचा भागाकार मोठा येतो, आणि खऱ्या मापांत ती बाकी शून्य असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून ८ च्या आधी थांबायचं आणि उलट चढायचं. सर्वात लहान तुकडा १ मानायचा, मग प्रत्येक पायरीवर भागाकाराने गुणून त्यात त्याच्या आधीचा तुकडा मिळवायचा: १, १, २, ३, ५, १३, १८. शेवटचे दोन आकडे रुंदीतल्या आणि लांबीतल्या फरश्यांची संख्या देतात. मग मापांकडे परत यायचं: ३०२४ भागिले १८ म्हणजे १६८, २१८५ भागिले १३ म्हणजे १६८ आणि थोडंसं वर. फरशी १६८ सुताची, आणि उरलेलं एक सूत पट्टीखाली.

ही युक्ती कुठे चालत नाही, तेही नोंदवून ठेवू. भागाकारांत कुठेच मोठा आकडा आला नाही, सगळे १ आणि २ च येत राहिले, तर त्या खोलीत सोयीची चौरस फरशी नाही असं समजावं. तिथे कडेने वेगळ्या रंगाचा पट्टा सोडून आतल्या आयताची मापं आपल्याला हवी तशी ठरवणं बरं.

१० मे

संगणकावर ताळा. मापं सुतातच द्यायची, फुटांचे दशांश करायचे नाहीत.

```python
def masavi(a, b):
    while b:
        a, b = b, a % b
    return a

print(masavi(3024, 2184))   # 168
print(masavi(3024, 2185))   # 1
```

दशांश दिले तर काय होतं ते एका ओळीत दिसतं: `0.3 % 0.1` चं उत्तर शून्य न येता `0.09999999999999998` येतं, कारण ०.१ आणि ०.३ द्विमान पद्धतीत नेमके लिहिता येत नाहीत. ३१.५ आणि २२.७५ फूट टाकले तर उत्तर बरोबर येतं, १.७५ फूट. पण ते अर्धा आणि पाव तिथे नेमके बसतात म्हणून. मीटरमध्ये ९.६ टाकलं की भरवसा संपला.

१३ मे

आतापर्यंत सांधा धरलेला नव्हता. कोट्याच्या दोन फरश्यांमध्ये एक सूत सांधा ठेवायचा असेल, तर फक्त मसावि काढून भागत नाही.

भिंतीला चिकटून फरशी सुरू केली, तर n फरश्यांमध्ये n − १ सांधे येतात. त्यामुळे लांबीत एक सांधा मिळवला की ती (फरशी + सांधा) ची n पट होते. म्हणजे मसावि ३०२५ आणि २१८५ चा काढावा लागेल, आणि तो येतो ५ सूत. पुन्हा सगळं विस्कटलं. दोन्ही बाजूंना प्रत्येकी एक मिळवलेला असतो, त्यामुळे विभाजकांची पूर्वीची यादी टिकण्याचं कारण उरत नाही.

उपाय साधा आहे: प्रत्येक भिंतीशी अर्धा सांधा सोडायचा. मग n − १ पूर्ण सांधे आणि टोकांचे दोन अर्धे मिळून बरोबर n सांधे होतात, आणि लांबी जशीच्या तशी (फरशी + सांधा) ची n पट राहते. मसावि १६८ सूत तोच. फक्त आता १६८ म्हणजे फरशी आणि सांधा मिळून, म्हणून फरशी १६७ सूत, २० इंच ७ सूत.

मिस्त्रींना मात्र "वीस इंच सात सूत" एवढंच सांगून थांबू नये. जाड पात्याने कापलेली फरशी अर्धं सूत इकडेतिकडे येते. दर फरशीमागे अर्धं सूत जास्त गेलं तर अठराव्या फरशीपर्यंत नऊ सूत चढतात आणि शेवटची फरशी बसतच नाही. म्हणून लांबीच्या भिंतीवर दर २१ इंचांवर खुणा करायच्या, आणि त्या सगळ्या एकाच टोकापासून टेप न हलवता: २१, ४२, ६३, असं ३७८ पर्यंत. सांध्याची मधली रेघ खुणेवर यायला हवी. फरशी थोडी लहानमोठी आली तर सांधा ते सावरून घेतो, आणि चूक पुढच्या ओळीत जात नाही.

१६ मे

खरेदीचा हिशोब. बाजारात २२ इंची चौरस कोटा मिळतो. त्याच्या कडा छाटून २० इंच ७ सुताच्या करून घ्यायच्या, म्हणजे २३४ नग आणि वर फुटीसाठी थोडे. दगडाचा साधारण दहावा भाग छाटणीत जातो.

तुलनेसाठी दुसरी पद्धत: २२ इंची फरशी तशीच लावत जायची आणि कडेला तुकडे बसवायचे. लांबीत १७ पूर्ण आणि ४ इंचांची चिरी, रुंदीत १२ पूर्ण आणि ९ इंचांचा तुकडा. सांधे सोडून मोजलं तर २०४ पूर्ण फरश्या, ४ इंची चिऱ्यांसाठी ३, ९ इंची तुकड्यांसाठी ९, असे २१६ नग पुरतात. म्हणजे मसाविच्या मांडणीला १८ फरश्या जास्त लागतात.

हे लपवण्यासारखं नाही. मसावि "तुकड्यांशिवाय सर्वात मोठी चौरस फरशी" या प्रश्नाचं उत्तर देतो, "सर्वात कमी दगड" या प्रश्नाचं नाही. आमचा कौल तरीही २१ इंचीकडेच आहे. चार इंचांची कोट्याची चिरी भिंतीलगत पोकळ राहते आणि कपाट सरकवलं की तिथेच तडकते. शिवाय छाटणी मशीनने एकाच मापाची होते, जागेवर प्रत्येक तुकडा मोजून कापावा लागत नाही.

२० मे

बाहेरचा व्हरांडा: ४४ फूट ४ इंच × ५ फूट १० इंच, म्हणजे ५३२ × ७०.

५३२ = ७ × ७० + ४२
७० = १ × ४२ + २८
४२ = १ × २८ + १४
२८ = २ × १४ + ०

व्हरांड्याला १४ इंच, ३८ × ५, म्हणजे १९० फरश्या. आत-बाहेर एकच माप हवं असेल तर २१ आणि १४ चा मसावि काढायचा, तो ७. पण ७ इंची फरशी लावली तर एकट्या अभ्यासिकेतच २,१०६ नग लागतात, आणि सांध्यांचं जाळं होतं. म्हणून दोन मापं वेगळीच ठेवायची.

मग प्रश्न दाराचा. दार उघडं असताना आतले आणि बाहेरचे सांधे एका रेषेत दिसावेत. आत सांधे दर २१ इंचांवर, बाहेर दर १४ वर, दोन्हींची सुरुवात आपापल्या टोकाला ठरलेली. ते कुठेतरी जुळतात का, हे दोन्ही सुरुवातींमधल्या अंतरावर अवलंबून आहे. अंतर ७ ने भागलं गेलं तर जुळतात, आणि एकदा जुळले की दर ४२ इंचांनी (२१ आणि १४ चा लसावि) पुन्हा जुळतात. ७ ने भाग गेला नाही तर कुठेच जुळत नाहीत. एकाच्या पटींतून दुसऱ्याच्या पटी वजा करून हवी ती बाकी कशी मिळवायची, हा प्रश्न आर्यभटाने ४९९ सालच्या आर्यभटीयात कुट्टक म्हणून सोडवला आहे, आणि तिथेही काम याच वारंवार भागाकाराने होतं.

इथे अभ्यासिका व्हरांड्याच्या बरोबर मध्ये आहे. ५३२ मधून ३७८ गेले, उरले १५४, म्हणजे दोन्हीकडे ७७. सातने भाग जातो. आतला पहिला सांधा व्हरांड्याच्या टोकापासून ७७ + २१ = ९८ वर, आणि ९८ म्हणजे १४ × ७. म्हणून आतला पहिला, तिसरा, पाचवा असे विषम क्रमांकाचे सांधे बाहेरच्यांशी जुळतात. दार भिंतीच्या मध्यावर आहे. तिथे आतला नववा सांधा येतो, आणि बाहेरचा एकोणिसावा: ७७ + १८९ = २६६ = १४ × १९.

ही जुळणी अर्ध्या सांध्याच्या नियमावर उभी आहे. व्हरांड्यातही टोकाला अर्धा सांधा सोडला, म्हणजे फरशी १३ इंच ७ सूत ठेवली, तरच सांध्यांच्या मधल्या रेघा १४ च्या पटीत पडतात. काम सुरू करताना चौकटीच्या मध्यावर खूण करून आतून बाहेर एकच दोरी ताणायची, आणि दोन्हीकडच्या पहिल्या फरश्या त्या दोरीपासून अर्धा सांधा सोडून बसवायच्या. भिंतीपासून सुरुवात केली तर गिलाव्याचा फुगवटा दोरीपर्यंत येतो.